‘साधारण शंभर माणसं’

‘साधारण शंभर माणसं, लोणावळा, दोन दिवस. बेस्ट रेट पाठवा.’ डीलर मीटसाठी मी हॉटेलांना पाठवलेली पहिली ईमेल एवढीच होती. तेव्हा मी चाकणच्या एका कारखान्यात प्रशासन विभागात नवी होते आणि कोटेशन मागवणं म्हणजे भाव विचारणं, अशी माझी समजूत होती. चार दिवसांत तीन हॉटेलांची उत्तरं आली. एकाने माणशी दर दिला, दुसऱ्याने खोल्या, हॉल आणि जेवण यांचे वेगवेगळे दर दिले, आणि तिसऱ्याने फोटोंनी भरलेलं ब्रोशर पाठवून खाली ‘दरांसाठी संपर्क साधा’ असं लिहिलं. साहेबांनी विचारलं, ‘यातलं स्वस्त कुठलं?’ मला सांगता येईना. मी तीन हॉटेलांना एकच प्रश्न विचारला आहे असं मला वाटत होतं. माझा प्रश्न इतका मोघम होता की तिघांनी आपापल्या सोयीच्या प्रश्नाचं उत्तर पाठवलं होतं.

त्यानंतर अशी बरीच कोटेशनं मागवली. सगळं घोडं माणसांच्या आकड्यापाशीच अडतं. हॉटेलवाल्यांच्या भाषेत हे ‘पॅक्स’. फोन लावला की पहिला प्रश्न येतो, ‘मॅडम, किती पॅक्स?’ आपण ‘शंभर’ म्हणतो आणि तोच शंभर मग खोल्यांना, खुर्च्यांना, चहाला, दोन्ही दिवसांच्या जेवणाला सगळीकडे लागतो. कुठल्याही दोन दिवसांच्या कार्यक्रमात माणसांचा एकच आकडा कधीच नसतो. झोपणारे वेगळे, जेवणारे वेगळे, हॉलमध्ये बसणारे वेगळे.

आमच्याच एका जानेवारीतल्या मीटचं उदाहरण घेते. गुरुवार 8 आणि शुक्रवार 9 जानेवारी. बोलावलेल्या डीलरांपैकी 72 येतील असा मागच्या वर्षांच्या हजेरीवरून अंदाज, आणि कंपनीची 18 माणसं. म्हणजे मुक्कामाला 90. एका खोलीत दोघं धरली तर 45 खोल्या, असा हिशेब कुणीही तोंडी करेल. पण डीलरांमध्ये पाच बायका होत्या. दोन-दोनच्या दोन खोल्या आणि एकीला स्वतंत्र, म्हणजे तीन. उरलेले 67 पुरुष, म्हणजे 34 खोल्या, त्यातल्या एकीत एकटाच माणूस. कंपनीकडून दोन संचालक, त्यांना प्रत्येकी एक खोली. राहिलेल्या 16 जणांत तीन बायका आणि तेरा पुरुष, त्यांच्या दोन आणि सात खोल्या. बेरीज 48. पंचेचाळीस आणि अठ्ठेचाळीस यांतला फरक कागदावर क्षुल्लक वाटतो. पण रात्री साडेअकराला रिसेप्शनपुढे बॅग घेऊन उभ्या असलेल्या साताऱ्याच्या डीलरला ‘खोली शिल्लक नाही’ हे सांगण्याची पाळी आली, की त्या तीन खोल्यांचं मोल कळतं.

म्हणून खोल्या मागताना माणसं किती हे न लिहिता खोल्या किती आणि कशा हे लिहायचं: दोघांच्या 42, एकट्याच्या 6. दोघांच्या खोलीत दोन वेगळे पलंग हवेत हेही लिहायचं. लोणावळ्यातली बरीच हॉटेलं कुटुंबांच्या आणि जोडप्यांच्या गिऱ्हाइकीवर उभी आहेत, त्यांच्या बऱ्याच खोल्यांत एकच मोठा पलंग असतो. पन्नाशीचे दोन अनोळखी डीलर एका पलंगावर झोपवले, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही कितीही चांगली स्कीम जाहीर करा, त्यांचं तोंड वाकडंच राहतं.

आता जेवणं. विदर्भातली आठ माणसं दुपारच्या गाडीने पुण्याला उतरून संध्याकाळपर्यंत पोचणार होती, म्हणून पहिल्या दिवशी दुपारी जेवायला 82. रात्री बक्षीस समारंभ, त्यासाठी चाकणहून कारखान्यातली बारा वरिष्ठ मंडळी येणार, जेवणार आणि रातोरात परतणार, म्हणून रात्री 102. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला 90, पण लांबचे लोक लवकर निघतात, म्हणून दुपारी 74. सरसकट शंभर सांगितलं असतं तर तीन जेवणांची 300 ताटं झाली असती. खरी गरज 258 ताटांची. बेचाळीस ताटांचे पैसे केवळ गोल आकडा सांगितल्याबद्दल गेले असते. या यादीत सगळे विसरतात ते म्हणजे बसचे ड्रायव्हर आणि साउंड-लाइटची पोरं. त्यांची मुख्य बुफेत सोय नसते, पण दोन दिवस त्यांनाही जेवायचं असतं. ‘ड्रायव्हर आणि टेक्निशियन मिळून दहा, साधी थाळी’ असं आधी लिहिलं तर हॉटेल स्टाफच्या मेसमधून माफक दरात देतं. आयत्या वेळी मागितलं तर तीच दहा माणसं पूर्ण बुफेच्या दराने बिलात चढतात.

ताटांच्या आकड्याला एक शेपूट असतं, ‘मिनिमम गॅरंटी’. हॉटेल तुमच्याकडून प्रत्येक जेवणाचा किमान आकडा लिहून घेतं. रात्रीची गॅरंटी 92 दिली आणि 80 जण जेवले, तरी बिल 92चं. 97 जेवले तर बिल 97चं. म्हणजे कमी झाले तर नुकसान तुमचं आणि जास्त झाले तर पैसे तुमचे. म्हणून गॅरंटी नेहमी अपेक्षेपेक्षा थोडी खाली द्यायची. मी दहा टक्क्यांच्या आसपास खाली राहते. फार खाली जाण्यातही शहाणपण नाही, कारण स्वयंपाकघर गॅरंटीच्या वर ठरावीक टक्केच जास्त अन्न करतं. ते किती करतं, हे कोटेशन मागतानाच विचारायचं. पाच टक्के म्हणाले आणि तुम्ही गॅरंटी पंधरा टक्के खाली दिली, तर शेवटच्या रांगेतल्यांच्या वाट्याला मोकळी भांडी येतात. आणि हा आकडा कधीपर्यंत बदलता येईल तेही लेखी हवं. 72 तास आधीपर्यंत बदलता आला तर बरं. आठवडाभर आधी आकडा पक्का करायला सांगणारं हॉटेल तुमची अनिश्चितता तुम्हालाच विकत असतं.

मोजणी कशी होणार, हाही पत्रात घालण्याचा मुद्दा आहे. मला तो एका रात्री कळला. बुफेच्या टेबलामागे वेटर स्वच्छ प्लेटांची चळत लावत होता. सुरुवातीला दीडशे प्लेटा मांडल्या आणि जेवणं संपल्यावर उरलेल्या मोजल्या. जितक्या कमी भरल्या तितकी माणसं जेवली, असा त्यांचा साधा हिशेब. पण आपली माणसं स्टार्टरची प्लेट ठेवून जेवणाला नवी घेतात, आणि गोडाला हात लागला की तिसरी. त्या रात्री हॉलमध्ये 88 माणसं होती आणि बिलात 121. भांडण्यात अर्थ नव्हता, कारण ‘प्लेटांवरून मोजणी’ हे त्यांच्या अटींच्या तिसऱ्या पानावर छापलेलं होतं. तेव्हापासून मी कोटेशनच्या पत्रातच लिहिते की मोजणी कुपनांवर होईल, आणि प्रत्येक जेवणानंतर आमचा एक माणूस आणि बँक्वेटचा कॅप्टन आकड्यावर सही करतील. कुपन वाटणं डीलर मीटमध्ये थोडं लग्नाच्या पंगतीसारखं वाटतं खरं, पण ते बॅजच्या मागे अडकवलं की कुणाच्या लक्षातही येत नाही.

तारखेची गोष्टही अशीच. लोणावळ्यात किंवा पुण्याच्या आसपास मोठ्या हॉलसाठी तुमची स्पर्धा दुसऱ्या कंपन्यांशी कमी आणि लग्नांशी जास्त असते. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात आणि एखाद्या मुहूर्ताच्या दिवशी हॉल मागितला तर हॉटेल तुमच्याशी फारसं बोलतसुद्धा नाही. लग्नघरातून खोल्या, हॉल, लॉन, सजावट सगळंच येतं. तुमची नव्वद माणसं आणि चार वेळचा चहा त्याच्यापुढे काहीच नाही. उलट चातुर्मासात, पौषात किंवा अधिक महिन्यात बँक्वेटचा सेल्स मॅनेजर स्वतः फोन करतो. 2026 साली 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे. मे महिन्याच्या ऐन हंगामात लग्नांचे हॉल रिकामे राहण्याचा योग रोज येत नाही. आमची जानेवारीची तारीख पौषातली होती, आणि ती काही मी पंचांग न पाहता निवडली नव्हती. पत्रात मी एक पसंतीची तारीख आणि दोन पर्यायी तारखा देते आणि तिन्हींचे दर वेगवेगळे मागते. ‘तारीख लवचीक आहे’ एवढंच लिहिलं तर हॉटेल स्वतःला सोयीची तारीख देतं, दर मात्र तोच ठेवतं.

वारही पाहायचा. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी लोणावळ्यात बस शिरवणं म्हणजे स्वतःच्या हाताने कार्यक्रम तीन तास पुढे ढकलणं. म्हणून आम्ही गुरुवार-शुक्रवार धरला, आणि त्यात एक चूक झाली. समारंभाचं जेवण गुरुवारी रात्री आलं. पश्चिम महाराष्ट्रातल्या डीलरांपैकी कितीतरी जण गुरुवार पाळतात. मटण-चिकनचे दोन स्टार्टर आणि दोन मुख्य पदार्थ घेऊन मेन्यू ठरला होता. नॉनव्हेजच्या काउंटरपुढे शुकशुकाट होता आणि पनीर साडेनऊलाच संपलं. त्यानंतर माझ्या पत्रात शाकाहारी, मांसाहारी, जैन आणि उपवासाचे असे चार आकडे वाराप्रमाणे असतात. आणि जेवणानंतर दारूची सोय असणार असेल तर ड्राय डे तपासायचा. 2 ऑक्टोबरला लागून मीट ठेवणारी एक कंपनी मला माहीत आहे. नियम माहीत असूनही तारीख ठरवताना तो कुणालाच आठवला नव्हता.

हॉलबद्दल ब्रोशरवर विसंबू नये. ‘क्षमता 200’ म्हणजे सिनेमागृहासारख्या खुर्च्यांच्या रांगा लावल्या तर 200. अशा मांडणीत एका माणसाला साधारण आठ-दहा चौरस फूट पुरतात. डीलर मीटमध्ये लोक वही घेऊन, चहा घेत, एकमेकांशी बोलत बसतात. त्यासाठी गोल टेबलं लागतात, तीही स्टेजकडची बाजू मोकळी ठेवून. एका टेबलाभोवती सात-आठ जण धरले तर 90 जणांना बारा टेबलं, आणि खुर्ची मागे सरकवायला व वेटरला फिरायला जागा धरून प्रत्येक टेबलामागे सव्वाशे चौरस फुटांच्या आसपास. तिथेच पंधराशे फूट गेले. चोवीस बाय बारा फुटांचं स्टेज, त्यापुढची मोकळी जागा, मागे साउंडवाल्याचं टेबल, कडेला नवे पंप मांडायची जागा असं धरलं की बाविसशे ते अडीच हजार चौरस फुटांचा हॉल हवा. ‘200 क्षमतेचा’ बराचसा हॉल याहून लहान निघतो. म्हणून पत्रात मांडणी, टेबलांची संख्या आणि स्टेजचं माप लिहून हॉटेलकडून हॉलचा मोजमापांसह नकाशा मागायचा. त्यात खांब कुठे आहेत आणि छताची उंची किती, हे दिसायला हवं. आठ फुटांचा एलईडी पडदा दोन फुटांच्या स्टेजवर ठेवायचा आणि छत साडेनऊ फुटांचं, असं गणित जागेवर गेल्यावर कळून उपयोग नाही.

हॉल कधीपासून कधीपर्यंत मिळणार, हे मी एकदा विचारलं नव्हतं. कोटेशनमध्ये ‘हॉल सकाळी 9 ते संध्याकाळी 6’ असं होतं, आणि आमचा कार्यक्रम दहाला सुरू होणार होता. मला ते पुरेसं वाटलं. पण स्टेज, पडदा, साउंड उभं करायला पाच-सहा तास लागतात आणि ते काम आदल्या रात्री होतं. आदल्या रात्री त्या हॉलमध्ये एका लग्नाचं संगीत होतं. आमचा टेम्पो फाटकाबाहेर रात्री दोनपर्यंत उभा होता, आत शेवटची गाणी वाजत होती आणि मी गाडीत बसून घड्याळ पाहत होते. कार्यक्रम साडेअकराला सुरू झाला, माइक एकदा गेला आणि संचालक माझ्याशी दोन दिवस नीट बोलले नाहीत. हॉटेलची काही चूक नव्हती. त्यांनी 9 लिहिलं होतं आणि 9लाच हॉल दिला.

आता पत्रात वेळापत्रकच जातं. ते इंग्रजीत असतं, पण मजकूर साधारण असा: ‘बुधवार रात्री 10 पासून हॉल मांडणीसाठी ताब्यात हवा, त्याचं वेगळं भाडं असल्यास लिहा. गुरुवारी पाहुणे सकाळी 11 पासून येतील. तुमचं चेक-इन 2 चं असल्यास सामान ठेवायला खोली आणि 10 खोल्या 11 ला हव्यात. सत्र 2 ते 6. समारंभ 7.30 ते 9.30 हॉलमध्ये, जेवण लॉनवर 9.30 पासून. लॉनवर शेकोटी किंवा हीटर असल्यास दर लिहा. शुक्रवारी सत्र 9.30 ते 12.30, चेक-आउट दुपारी 1 चं हवं. जनरेटरचा आकार वेगळा असल्यास लिहा. आमचं साउंड बाहेरून आणू दिलं जाईल का आणि त्यासाठी काही शुल्क आहे का, ते लिहा.’ यातली चेक-आउटची ओळ मी एका अनुभवानंतर घातली. सत्र साडेबारापर्यंत आणि चेक-आउट अकराचं होतं. पावणेअकराला मागच्या रांगेतले लोक एकेक करून उठले आणि किल्ल्या द्यायला गेले ते थेट बसमध्येच दिसले. लॉनवरच्या जेवणाबद्दल आणखी एक: उघड्यावर रात्री दहानंतर लाऊडस्पीकर चालत नाही, म्हणून गाणीबिणी हॉलमध्येच आटपायची.

कराचा भाग कंटाळवाणा आहे, पण पैसे तिथेच मुरतात. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के जीएसटी आहे, पण त्या कराचं क्रेडिट कंपनीला मिळत नाही. त्याच्या वरच्या खोलीवर 18 टक्के आहे, आणि त्याचं क्रेडिट नियमात बसत असेल तर घेता येतं. आता गंमत पाहा. 7,400ची खोली करासह 7,770ला पडते आणि तेवढ्यालाच राहते. 7,600ची खोली करासह 8,968ला पडते, पण क्रेडिट मिळालं तर कंपनीच्या खिशातून शेवटी 7,600च गेले. घरच्या सहलीला पहिली खोली स्वस्त, कंपनीच्या मीटला दुसरी. जेवणाचं क्रेडिट मात्र साधारणपणे मिळत नाही. म्हणून खोली, हॉल आणि जेवण यांच्या रकमा आणि कराचे दर वेगवेगळे लिहून मागायचे. ‘माणशी इतके, अधिक कर’ असं एकरकमी कोटेशन आलं की कुठल्या रकमेवर किती क्रेडिट, हे लेखा विभागाला कळायला मार्ग राहत नाही.

साहेब दर वर्षी एकदा तरी म्हणतात, ‘या वेळी गोव्याला करू या का?’ गोव्याच्या कोटेशनशी लोणावळ्याच्या कोटेशनची तुलना करताना एक गोष्ट धरावी लागते. हॉटेलातला मुक्काम आणि तिथला कार्यक्रम यांवरचा कर जिथे ती इमारत उभी आहे त्या राज्याचा लागतो. म्हणजे गोव्याचं हॉटेल बिलात केंद्राचा आणि गोव्याचा जीएसटी लावणार, आणि फक्त महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या कंपनीला त्याचं क्रेडिट मिळणार नाही. गोव्याचा 18 टक्के हा पूर्ण खर्च समजायचा. दारूवर जीएसटी नसून राज्याचा व्हॅट लागतो, म्हणून तिचं बिल वेगळंच मागायचं.

एवढं सगळं लिहिल्यावर दोन उत्तरं शेजारी ठेवता येतात. जानेवारीच्या मीटच्या वेळी दोन हॉटेलांनी दिलेल्या दरांचे आकडे इथे सोयीसाठी गोल करून देते. पहिल्याने दोघांच्या खोलीसह, दोन दिवसांच्या जेवणासह माणशी 9,000चं पॅकेज दिलं. नव्वद माणसांचे 8,10,000, असं वाटतं. पण खाली किमान 100 माणसांची अट होती, म्हणजे 9,00,000. एकट्याच्या सहा खोल्यांना प्रत्येकी 4,000 जास्त, म्हणजे 24,000. फक्त रात्री जेवणाऱ्या बारा जणांचे 18,000. आदल्या रात्री हॉल हवा तर 60,000. एकूण 10,02,000, कर वेगळा.

दुसऱ्याने सुटे दर दिले आणि पहिल्या नजरेला तो महाग दिसत होता. नाश्त्यासह 48 खोल्या 7,000 दराने 3,36,000. हॉल दोन दिवस आणि आदली रात्र धरून 1,20,000. दुपारची दोन जेवणं मिळून 156 ताटं 1,200 दराने 1,87,200. रात्रीची 102 ताटं 1,600 दराने 1,63,200. चार वेळचा चहा-बिस्किटं 54,000. बेरीज 8,60,400. साहेबांनी पहिल्या कागदावरचा 9,000चा आकडा पाहून त्याच्यावर खूण केली होती. ती मी खोडली नाही, त्याच्याखाली फक्त बेरीज मांडून दिली.

दुसऱ्या हॉटेलच्या सेल्स मॅनेजरने तारीख सात दिवस राखून ठेवायचं कबूल केलं. त्या काळात दुसरी पार्टी आली तर आधी आम्हाला विचारायचं, असंही लिहून घेतलं. कोटेशनची मुदत, आगाऊ रक्कम किती आणि केव्हा, कार्यक्रम रद्द झाला किंवा पाच-दहा खोल्या कमी झाल्या तर काय, हे त्याच कागदावर घेतलं. महिनाभर आधीपर्यंत दहा टक्के खोल्या विनाशुल्क सोडता येतील, असं ठरलं. आम्ही चार सोडल्या. खोलीतली मिनीबार, धुलाई आणि रूम सर्व्हिस पाहुण्याकडून चेक-आउटच्या वेळी घ्यायची, कंपनीच्या बिलात लावायची नाही, हेही लिहिलं. ते लिहिलं नव्हतं त्या वर्षी आमच्या बिलात कुणाच्या तरी तीन सफारी इस्त्री केल्याचे पैसे आले होते.

आठवडाभर आधी रेकीला गेलो तेव्हा हॉल मोजपट्टीने मोजला. नकाशात नसलेला एक खांब निघाला, म्हणून दोन टेबलं सरकवली आणि पडदा चार फूट डावीकडे घेतला. बुधवारी रात्री साडेदहाला टेम्पो आत गेला. गुरुवारी रात्री मेन्यूत पनीर दुप्पट होतं. जेवण संपल्यावर बँक्वेटचा कॅप्टन कुपनांचा गठ्ठा घेऊन आला. आम्ही दोघांनी टेबलावर मांडून मोजली. सत्त्याण्णव. त्याच्या डायरीतल्या ओळीवर दोघांनी सही केली, आणि खाली त्याने न विचारता वेगळी ओळ लिहिली: ‘ड्रायव्हर व टेक्निशियन, 10 थाळी’.